‘भिन्न’ एकांश आणि पाऊण

प्रश्न : “‘३/४ ही भिन्न एकांश अपूर्णांकांची बेरीज म्हणून लिहा’ असं वाचलं. भिन्न म्हणजे अपूर्णांकच ना? मग दोनदा का? आणि पाऊण या शब्दात अर्धा अधिक पाव हीच बेरीज दडलीय का?”

हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक, म्हणून घोटाळा होतो. संस्कृतात भिन्न म्हणजे फुटलेला, तुटलेला. फुटलेली संख्या या अर्थाने तो शब्द गणितात आला आणि हिंदीत टिकला. मराठीत त्या जागी अपूर्णांक बसला आणि भिन्नला ‘वेगवेगळे’ एवढाच अर्थ उरला. इथे तोच घ्यायचा. एकांश म्हणजे ज्याचा अंश १ आहे तो. त्यामुळे १/४ + १/४ + १/४ चालणार नाही, कारण तोच तुकडा तीनदा आला. १/२ + १/४ चालतं. मला विचाराल तर अशा वाक्यात सरळ ‘वेगवेगळे’ लिहावं.

पाऊण मात्र बेरीज नाही, वजाबाकी आहे. पादोन, म्हणजे पाद (पाव) ऊन, पावाने कमी. पावणेदोनमध्ये ते उघड दिसतं: दोनाला पाव कमी. बेरजेची रीत प्राचीन इजिप्तची. तिथले लेखनिक दोन-तृतीयांशासारखा अपवाद सोडला तर एकांशच वापरत, आणि पाऊण लिहायला अर्धा व पाव यांच्या खुणा शेजारी शेजारी मांडत. चार जणांत तीन भाकरी वाटून बघा. दोन भाकरींचे चार अर्धे, तिसरीचे चार पाव. प्रत्येकाला एक अर्धा, एक पाव.

फोड करायची साधी रीत म्हणजे मावेल तो सर्वांत मोठा एकांश आधी काढायचा. ३/४ मध्ये १/२ मावतो, उरतो १/४, तो स्वतःच एकांश, काम संपलं. दोनच पदं हवी असतील तर दुसरी फोड नाही: दोन्ही वेगळी असताना मोठं पद ३/८ पेक्षा जास्त हवं, आणि ३/४ च्या आत तसा एकांश फक्त १/२. तीन पदं घेतली की वाटा फुटतात. १/३ + १/४ + १/६ घ्या; छेद १२ केला की ४ + ३ + २ = ९, आणि ९/१२ म्हणजे ३/४.

मला सगळ्यात आवडते ती तराजूवरची फोड. आपल्याकडची प्रमाणित वजनं ५००, २००, १००, ५० ग्रॅम अशी असतात, अडीचशेचं त्यांत नसतं. पाऊण किलो शेंगदाणे मागितले की भाजीवाल्या मावशी पारड्यात ५००, २०० आणि ५० टाकतात. किलोच्या हिशेबात ते १/२ + १/५ + १/२०, तिन्ही एकांश, तिन्ही वेगवेगळे. बोलताना आपण किलोतून पाव वजा करतो आणि पारड्यात मात्र बेरीज पडते.