पास्ता कोरडाच मोजा

व्हाइट सॉस पास्त्याच्या कॅलरी लिहिताना हिशेब जुळत नसेल, तर तुमचा घोळ वजनात आहे. पाकिटावरचे आकडे कोरड्या पास्त्याचे असतात: 100 ग्रॅमला साधारण 350 कॅलरी. तोच शिजून पाणी पितो आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. कॅलरी तेवढ्याच. शिजलेला 100 ग्रॅम ताटात घेऊन पाकिटावरचा आकडा लिहिलात, तर नोंद दुपटीहून जास्त होते. उलट, कोरडा मोजून कॅलरी नोंदवायच्या ॲपमध्ये ‘शिजलेला’ निवडलात तर निम्म्याहून कमी.

व्हाइट सॉसमध्ये कालवल्यावर पास्ता वेगळा मोजता येत नाही, म्हणून हिशेब अख्ख्या पातेल्याचा करा:

- रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच लिहून ठेवा. हे हमखास राहतं.
- सगळं कच्चंच मोजा. समजा पेने पास्ता 200 ग्रॅम, लोणी 20, मैदा 20, टोन्ड दूध 400 मिली, प्रोसेस्ड चीज 60. एकूण सुमारे 1340 कॅलरी. प्रथिने 51, कर्बोदके 180, फॅट 46 ग्रॅम.
- वाढायच्या क्षणी पातेलं मोजून रिकाम्याचं वजन वजा करा. 900 ग्रॅम उरले आणि ताटात 300 घेतले, तर तुमचा वाटा एक तृतीयांश: 450 कॅलरी, 17 ग्रॅम प्रथिने.

सॉस आटला की वजन उतरतं, म्हणून कालचं वजन आज चालत नाही. चीज मात्र ‘अंदाजे मूठभर’ घालू नका. चूक बहुतेकदा तिथेच लपते.