शेअर बाजाराच्या बातम्यांत बैल आणि अस्वल कुठून आले? बाजार किती टक्के पडला की 'बेअर मार्केट' म्हणायचं?

बैल शिंगांनी वर उडवतो आणि अस्वल पंजा खाली हाणतं, म्हणून चढता बाजार बैलाचा आणि पडता बाजार अस्वलाचा, हे उत्तर तुम्हाला इथे आणखी चौघं देतील. लक्षात ठेवायला सोपं आहे, चित्र काढायला तर फारच सोयीचं. पण नावं तिथून आलेली नाहीत. त्या पंजावर माझा जुना राग आहे, तो का ते पुढे कळेलच.

अस्वल हे आधी माणसाचं नाव होतं, बाजाराचं नंतर झालं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एक्स्चेंज ॲली नावाच्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानांत शेअरचे सौदे चालायचे. इंग्रजीत तेव्हा एक म्हण होती: अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नये. आपल्याकडे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, त्याच जातकुळीतली. तर त्या गल्लीत काही मंडळी स्वतःजवळ नसलेले शेअर आजच्या भावाने विकून मोकळी व्हायची. हिशेबाच्या दिवसापर्यंत भाव पडेल, मग स्वस्तात घेऊन देऊन टाकू, असा त्यांचा बेत. न मारलेल्या अस्वलाचं कातडंच की हे! म्हणून ते 'कातडंवाले' झाले. पुढे बोलता बोलता कातडं गळालं आणि नुसतं अस्वल उरलं.

बैल नंतर आला, अस्वलाचा जोडीदार म्हणून. त्या काळी लंडनमध्ये बांधलेल्या अस्वलावर किंवा वळूवर कुत्री सोडायचे खेळ चालत (१८३५ साली कायद्याने बंद झाले), त्यामुळे ही जोडी लोकांच्या डोळ्यांसमोरची होती. थॉमस मॉर्टिमर याने १७६१ साली गुंतवणूकदारांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात दोघांची व्याख्या आहे. जो खिशात पैसे नसताना शेअर घेतो आणि पैसे भरायचा दिवस उजाडण्याआधी चढ्या भावाने विकू अशी आशा धरतो, तो बैल. एकाकडे माल नाही, दुसऱ्याकडे पैसा नाही, एवढाच फरक. दोघंही उधारीवरच उभे. ज्याचं गणित चुकलं आणि देणं फेडता आलं नाही, त्याला 'लंगडं बदक' म्हणायचे. हा तिसरा प्राणी बातम्यांतून गायब झाला. बाजाराच्या भाषेत हवा होता तो खरं तर.

आणि बैल हा शब्दही आपण चुकीचा घेतलाय. तो वळू आहे. बैल म्हणजे खच्ची केलेला, मान खाली घालून ओढणारा. 'वॉल स्ट्रीटवर बैल उधळला' हे वाचलं की मला अजून हसू येतं. असो, आता रूढ झालंय.

माझा संबंध इथेच येतो. २००८-०९ साली मी एका दैनिकात उपसंपादक होतो. आठवड्याच्या पुरवणीत परदेशी बाजारांचं एक पान असायचं, ते माझ्याकडे. एजन्सीची इंग्रजी कॉपी यायची, तिचं मराठी करून मथळा द्यायचा आणि पान वरिष्ठांना दाखवून सोडायचं. जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाची कॉपी आली. २० नोव्हेंबरला तो ७५२ वर बंद झाला होता, ६ जानेवारीला ९३४ वर. दीड महिन्यात २४ टक्के वर.

मी मथळा दिला 'तळापासून २४ टक्क्यांची उसळी'. आमच्या सरांनी तो खोडून त्यावर लाल शाईने लिहिलं, 'मंदीचा फेरा संपला; बैल परतला'. शिवाय चौकटीत चित्र: बैलाची शिंगं वर, अस्वलाचा पंजा खाली, आणि ओळ, 'तळापासून २० टक्के वर म्हणजे तेजी, हा नियम'. मी म्हटलं, "सर, ऑक्टोबर २००७ मध्ये हाच निर्देशांक १५६५ ला होता. अजून तो चाळीस टक्के खाली आहे. फेरा संपला असं कशावरून?" सर म्हणाले, "वीस टक्क्यांचा नियम आहे ना? मग झालं तर. तू लई खोलात जाऊ नकोस, पान सोड." सोडलं. मी नोकरीत नवा, ते बावीस वर्षं मुरलेले.

सोमवारी पहिला फोन आला तो बाजाराबद्दल नव्हताच. एक गृहस्थ विचारत होते, "तुम्ही मंदी संपली लिहिलंय, मग माझ्या मुलाला परवाच कामावरून का काढलं?" मला उत्तर सुचेना. मराठीतली खरी गोची ही आहे. शेअरचे भाव पडतात त्यालाही आपण मंदी म्हणतो आणि उत्पादन, रोजगार आटतात त्यालाही मंदीच. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. अमेरिकेतली ती आर्थिक मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी नंतर नोंदली गेली. शेअरचा तळ मात्र मार्च २००९ मध्येच लागला होता, म्हणजे बाजार आधी वळला आणि कामधंदे मागाहून. सरांच्या मथळ्याने तर तिसरीच तारीख दिली होती, जी दोन्ही हिशेबांत बसत नव्हती.

कारण ९ मार्चला निर्देशांक ६७६ वर बंद झाला. ९३४ वरून जवळजवळ २८ टक्के खाली, म्हणजे आमच्याच चौकटीतल्या नियमाने परतलेला बैल दोन महिन्यांत पुन्हा अस्वल झाला होता. मी तो आकडा कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाजार फसला, आपण नाही." हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

आता तुमच्या टक्क्यांच्या प्रश्नाकडे येतो. शिखरापासून २० टक्के किंवा जास्त पडलं की बेअर मार्केट, हा कुठल्याही बाजाराचा कायदा नाही, बातम्या आणि विश्लेषकांनी पाडलेला रिवाज आहे. किती कच्चा आहे ते बघा. २०१८ च्या शेवटी एस अँड पी ५०० सप्टेंबरच्या २९३० वरून नाताळच्या आदल्या दिवशी २३५१ वर बंद झाला. घसरण १९.८ टक्के, म्हणजे बेअर मार्केट नाही. पण बंद भावांऐवजी त्या महिन्यांत व्यवहार चालू असताना गाठलेला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव धरला तर तीच घसरण २०.२ टक्के होते, म्हणजे बेअर मार्केट आहे! बंद भाव धरायचा हा रिवाज जास्त चालतो, म्हणून याद्यांमध्ये २०१८ सहसा नसतं. तेव्हा बातमीत 'अस्वल आलं' वाचलं की आधी तीन गोष्टी शोधा: कुठला निर्देशांक, बंद भाव की दिवसातला भाव, आणि मोजणी कुठल्या तारखेपासून. सापडल्या नाहीत तर मथळा कोणीतरी माझ्या सरांसारख्याने दिलाय असं समजा.

खाली-वरचे वीस टक्के सारखेही नसतात. १०० चे ८० झाले तर वीस टक्के गेले, पण ८० चे परत १०० व्हायला पंचवीस लागतात. २००९ च्या ९ मार्चला निर्देशांक शिखरापासून ५७ टक्के खाली होता. तिथून वीस टक्के चढला तरी गेलेल्यातला जेमतेम सातवा हिस्सा परत येतो, आणि चित्रात मात्र बैल शिंगं उगारून उभा.

मग मोठ्या घसरणीच्या मधेच अशा उसळ्या का येतात? याचं एक कारण त्या जुन्या कातडंवाल्यात आहे, म्हणून मी त्याच्यामागे लागलो. समजा एखाद्याने उसना घेतलेला शेअर १०० ला विकला. भाव ७० झाला की तो बाजारातून घेतो, उसना परत करतो, तीस सुटतात (उसनवारीचा खर्च वेगळा). म्हणजे अस्वलाला कधीतरी खरेदी करावीच लागते. भाव पडायच्या ऐवजी १२० झाला की त्याला घाम फुटतो, कारण साध्या खरेदीदाराचे फार तर १०० बुडतील, याचं नुकसान भाव चढेल तसं चढतच राहतं. मग दलाल जादा रक्कम मागतो, ती भरता आली नाही तर तोटा सोसून शेअर घ्यायचा. अशी बरीच अस्वलं एकदम खरेदीला धावली की भाव आणखी उसळतो. बातम्यांत याला 'शॉर्ट कव्हरिंग' म्हणतात. ती खरेदी कंपनीवर विश्वास बसला म्हणून होत नाही, देणं फेडायचं असतं म्हणून होते, त्यामुळे देणं फिटलं की ती आटते. शिंग-पंजाच्या चित्रातून हे कधीच कळणार नाही, कारण चित्रात अस्वल फक्त खाली ढकलतं.

एक सांगायला हवं. २००८-०९ ची ती उसळी फक्त अशा खरेदीची होती असा माझा दावा नाही. आणि वीस टक्क्यांचा रिवाज अगदीच टाकाऊ आहे असंही नाही, जुन्या घसरणींची यादी करायला तो बरा पडतो. मागे वळून बघताना तो चालतो, चालू आठवड्याला लावला की फसतो. शिंग-पंजाही पोरांना समजावताना वापरा, माझं काही म्हणणं नाही, फक्त नाव तिथून पडलं असं सांगू नका.

त्या पानाचं कात्रण माझ्याकडे अजून आहे, कागद पिवळा पडलाय पण लाल अक्षरातलं प्रूफही त्याला टाचलेलं आहे. सर हल्ली निवृत्त आहेत आणि इथे वाचतात असं ऐकून आहे. सर, 'तळापासून २४ टक्क्यांची उसळी' या मथळ्यात मार्चनंतरही एक अक्षर बदलावं लागलं नसतं.