साइटशिवाय नेम: 20 मीटरवर बाण कधी वर, कधी खाली का?

प्रश्न: "आठ महिने साइट न लावता रिकर्व्ह चालवतो आहे. 10 मीटरवर बाण नीट लागतात, 20 मीटरवर मात्र एक वर जातो, दुसरा खाली. रोज शंभर बाण मारूनही अंतराचा अंदाज येत नाही. माझी नजरच कच्ची आहे का?"

'एक वर, दुसरा खाली' हे वाचून मला माझी जुनी वही आठवली, कारण तिची पानेच्या पाने याच तक्रारीने भरलेली आहेत. मी प्रशिक्षक नाही. परभणीकडे शेती सांभाळून धनुष्य चालवणारा माणूस आहे, तेव्हा माझे म्हणणे पारखूनच घ्यावे. तरीही नजरेला दोष देण्याआधी आपला प्रत्येक बाण सारख्याच वेगाने सुटतो का, हे पाहावे, असे मला वाटते.

साधारण 45 मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेला बाण 10 मीटर जाईपर्यंत आपल्या सुटीच्या रेषेपासून सुमारे 24 सेंटिमीटर खाली येतो आणि 20 मीटरवर जवळजवळ एक मीटर. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते. ओढ एक इंच कमी पडली तर वेग अंदाजे पाच टक्क्यांनी घटतो आणि घसरण दहा टक्क्यांनी वाढते. 10 मीटरवर ही चूक दोन-अडीच सेंटिमीटरची असल्याने लपून जाते, 20 मीटरवर ती दहा सेंटिमीटरची होऊन उघडी पडते. अँकर, म्हणजे ओढ पूर्ण झाल्यावर दोरीचा हात चेहऱ्यावर टेकण्याची जागा, हलला तर त्याहून वाईट. ओढ 70 सेंटिमीटर धरली, तर दोरीचा हात गालावर एक सेंटिमीटर वर सरकताच 20 मीटरवरचा बाण पाव मीटरहून अधिक खाली जातो.

मेंदू काही मीटर मोजत बसत नाही. समोरचे लक्ष्य दिसते कसे, धनुष्याचा हात किती उंच आहे आणि बाण लागला कुठे, यांची तो सांगड घालतो आणि चुकीप्रमाणे पुढचा हात थोडा बदलतो. कमी ओढलेला बाण खाली गेला की तो पुढच्या वेळी हात वर नेतो. नेमका तो बाण पूर्ण ओढला जातो आणि लक्ष्यावरून निघून जातो. अशा शंभर बाणांतून मेंदू गोंधळच शिकतो.

माझी दोन वर्षे अशीच गेली, आणि त्याला कारण एक कार्यालय. तिथे सरावासाठी धनुष्य मागितले तेव्हा कपाटात उरलेले, ओढायला 45 पौंडांचा जोर लागणारे एकच हाती ठेवले गेले. हलके मिळेल का, या अर्जाला उत्तर आजवर आलेले नाही. 'ताकद येईल हळूहळू' या साहेबांच्या सल्ल्यावर मी विश्वास ठेवला, ही चूक मात्र माझी. शेवटी पुतण्याने बाणाच्या काडीवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर पेनाने रेघा मारल्या आणि मी ओढत असताना शेजारी उभे राहून कोणती रेघ धनुष्यापाशी येते ते वाचले. बारा बाणांत ओढ साडेपंचवीस ते सत्तावीस इंच अशी फिरत होती, आणि शेवटच्या चार बाणांना बोट ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. हीच चाचणी आपण उद्या करावी. फरक पाव इंचाहून जास्त निघाला तर धनुष्य आपल्याला जड आहे, असे मी समजेन.

मी 28 पौंडांवर आलो. कडब्याच्या पेंढ्या घट्ट बांधून, मागे मातीचा बांध ठेवून, तीन मीटरवरून महिनाभर लक्ष्य न लावता फक्त अँकर आणि रिलीज घोटले. मग 10 मीटर, मग 15. ओढ स्थिर झाल्यावर मात्र एकाच रेघेवर उभे राहणे सोडले, कारण तिथे दुसऱ्या बाणापासून आपण अंतर ओळखत नसतो, मागच्या बाणाची नक्कल करत असतो. आता 8 ते 25 मीटरमध्ये कुठेही उभे राहून एकच बाण मारतो आणि जागा बदलतो. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या थ्री-डी, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम धरण्याच्या, स्पर्धांतही अशा धनुष्यांना 5 ते 30 मीटरची, आधी न सांगितलेली अंतरे असतात. तीसच्या पुढे, माझ्या मते, बाणाचे टोक पाहून नेम धरणेच बरे.

रोजचे शंभर बाणही कमी करावेत. मी चाळीसवर थांबतो, आणि बोट ओठाच्या कोपऱ्याआधी दोनदा सुटले तर त्याआधीच. खांदा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

जाता जाता एक: बाणांना भडक पिवळी किंवा गुलाबी पिसे लावावीत. पावसाळ्यात चुकलेला बाण आमच्या काळ्या मातीत पिसांपर्यंत रुततो, आणि करड्या पिसांचे माझे सहा बाण आजही त्याच बांधामागे कुठेतरी आहेत.