बायोचं शेवटचं वाक्य: पर्सनल, नंबर की 'जॉइन व्हा'?

प्रश्न: फोंड्यात हार्मोनियमचे क्लास घेतो. संगीत संमेलनाच्या स्मरणिकेत आणि इन्स्टावर एकच बायो टाकायचाय. शेवटी पर्सनल ओळ लिहू, फोन नंबर देऊ की 'आजच जॉइन व्हा'?

उत्तर: एकच बायो चालेल, पण शेवटचं वाक्य दोन्हीकडे वेगळं ठेवा, कारण वाचून झाल्यावर माणूस तिथल्या तिथे काय करू शकतो ते दोन्हीकडे वेगळं आहे.

स्मरणिका वाचणारा हॉलमध्ये बसलेला असतो आणि बऱ्याचदा निवेदक तोच मजकूर माइकवर वाचतो, तिथे दहा आकडे कोण लिहून घेणार, आणि 'जॉइन व्हा' म्हटलं की सरळ जाहिरातच वाटते. तिथे पर्सनल ओळच, पण 'वाचन व प्रवासाची आवड' नको, ती कुणाच्याही नावाखाली खपते. कामाला चिकटलेलं काहीतरी लिहा, म्हणजे 'चवथीत वाड्यावरच्या घुमट आरतीला ते आजही शामेळ वाजवतात' असं, अर्थात खरंच वाजवत असाल तर. नंबर द्यायचाच असेल तर बायोच्या बाहेर, खाली वेगळ्या ओळीत छापायला सांगा.

इन्स्टावर उलटं. जागा १५० अक्षरांची आणि लिंक बायोच्या खालीच दिसते, म्हणून शेवटची ओळ लिंककडे नेणारी हवी. नंबरवर अक्षरं घालवू नका, प्रोफेशनल अकाउंटला कॉन्टॅक्टचं बटण मिळतं. 'आजच जॉइन व्हा' मात्र काढा, अनोळखी माणूस एवढ्यावर फी भरत नाही. 'एक क्लास बसून बघा, वेळ खालच्या लिंकवर' हे बरं. 'जूनची बॅच' वगैरे लिहू नका, ऑगस्टातही तेच राहतं आणि क्लास बंद पडलाय असं वाटतं.