मध्यरात्री मुंबई विमानतळावर उतरून डोंबिवली गाठायची असेल तर

प्रश्न: दिल्लीहून मुंबईला येणारं एक स्वस्त विमान रात्री १२:१० ला टर्मिनल २ वर उतरतं. मी आणि आई, दोन मोठ्या बॅगा, जायचंय डोंबिवलीला. एवढ्या रात्री लोकल किंवा प्रीपेड टॅक्सी मिळेल का? तिकीट काढू का?

लोकल मिळणार नाही. प्रीपेड टॅक्सी मिळेल, पण तिचे पैसे तिकिटात मिळवल्यावर हे विमान स्वस्त उरतं का, ते आधी बघा. मी डोंबिवलीकर आहे. कामामुळे आठ-नऊ वर्षं दिल्लीच्या फेऱ्या केल्यात आणि त्यातल्या बऱ्याच परती रात्रीच्याच होत्या.

तिकिटावरची १२:१० ही विमान जागेवर लागायची वेळ. तुम्ही बॅगांसकट दाराबाहेर कधी उभे राहता, ती वेळ वेगळी. विमान जागेवर लागल्यावर दार उघडून बाहेर पडेपर्यंत पंधरा मिनिटं धरा. टर्मिनल २ मोठं आहे, आईच्या पावलांनी बेल्टपर्यंत दहा मिनिटं लागतील आणि बॅगा यायला आणखी पंधरा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी १२:५०. टॅक्सीची रांग आणि डोंबिवलीची लोकल जिथे पकडायची त्या घाटकोपरपर्यंतचा रस्ता धरला तर स्टेशनात पोचायला सव्वा ते दीड. सीएसएमटीहून कल्याणच्या पुढे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या बारा-सव्वाबाराच्या सुमारास सुटतात, त्या घाटकोपरला पाऊणच्या आसपास येऊन गेलेल्या असतात. त्यानंतर पहाटे साडेचार-पाचपर्यंत काही नाही. लोकलची वेळ बघताना ती नेहमी तुम्ही जिथे चढणार त्या स्टेशनची बघा. सीएसएमटीची वेळ बघून हिशेब केला की घोळ होतो.

टर्मिनल २ खालीच मेट्रो ३ चं स्टेशन आहे आणि तिथून मरोळ नाक्याला मेट्रो १ धरून घाटकोपरला जाता येतं. पण मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या साडेदहाच्या सुमारास असतात, त्यामुळे तुमच्या विमानाला तिचा उपयोग नाही.

त्याच दिवशी रात्री १०:४० च्या आत उतरणारं विमान असेल तर मात्र गणित बदलतं. साडेअकराला बाहेर, बाराच्या आसपास घाटकोपर, आणि मग हाताशी एकापेक्षा जास्त गाड्या. विमानाला अर्धा तास उशीर झाला तरी शेवटची लोकल सापडते. माझा नियम असा आहे, की घाटकोपरच्या शेवटच्या गाडीआधी अर्धा तास शिल्लक राहत नसेल, तर लोकल नाहीच असं धरून तिकीट काढायचं. शनिवारची रात्र असेल तर आणखी सावध राहा, कारण त्या रात्री मध्य रेल्वे कधी कधी रात्रीचा ब्लॉक घेते आणि शेवटची गाडी नेहमीपेक्षा आधी सुटते. ब्लॉकची घोषणा दोन-तीन दिवस आधी होते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं ॲप पुन्हा उघडा.

आता टॅक्सी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं मीटर १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये असं ठरलं. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच त्यावर २५ टक्के जादा. टर्मिनल २ ते डोंबिवली पूर्व साधारण ३८ किलोमीटर धरलं, तर दिवसाचं मीटर ७८५ च्या आसपास आणि रात्रीचं ९८० च्या आसपास होतं. प्रीपेडचा दर मीटरपेक्षा जास्त असतो आणि सामानाचे वेगळे लागतात. त्यामुळे हजार ही खालची मर्यादा समजा, त्याहून जास्तच लागतील. रात्रीचं विमान दोन तिकिटांमागे मिळून हजार-बाराशेनेच स्वस्त असेल, तर ते पैसे टॅक्सीत गेले आणि आईची झोपही गेली.

टोलचं मात्र लक्षात असू द्या. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. ऐरोली किंवा मुलुंड नाक्याचा म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

काउंटरबद्दल एक गोष्ट मला महागात पडलेली आहे. टर्मिनलमधून एकदा बाहेर पडलात की तिकिटाशिवाय आत येता येत नाही. म्हणून टॅक्सी ठरवायची ती आतच, बॅगा घेतल्यावर, दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी. बाहेर 'कुठे जायचंय साहेब' म्हणत अंगावर येणारा माणूस प्रीपेडचा नसतो. खिडकीवर 'डोंबिवली' एवढंच सांगू नका, 'डोंबिवली पूर्व' आणि तुमचा भाग सांगा आणि पावतीवर तोच लिहिलाय ना ते तिथेच वाचा. पावतीवर गाडीचा नंबर असतो, तो पाटीशी जुळवूनच बसा.

ती पावती चालकाला घराच्या दारात पोचल्यावर द्यायची. एकदा मी गाडीत बसतानाच दिली. ऐरोलीच्या पुढे गेल्यावर चालक म्हणाला, पावती इथपर्यंतचीच आहे, पुढचे तीनशे वेगळे. पावती त्याच्याच खिशात होती, मला काही दाखवता येईना. रात्रीचे दोन वाजले होते, रस्ता सुनसान, बरोबर माझी बायको. पैसे देऊन मोकळा झालो. तेव्हापासून पावती हातात असते आणि बसण्याआधी तिचा फोटो घरच्यांना गेलेला असतो.

ॲपवरच्या कॅबचा विचार असेल तर तिकीट काढण्याआधीच एका रात्री साडेबाराला ॲप उघडून टर्मिनल २ ते तुमचं घर असं टाकून बघा. त्या वेळचा खरा भाव दिसतो आणि गाड्या आहेत की नाहीत तेही कळतं. दुपारी बघितलेला आकडा रात्री कामाचा नसतो. डोंबिवलीचं भाडं घेऊन परत रिकामं यावं लागतं म्हणून रात्री चालक फेरी नाकारतात, तेव्हा एकट्या ॲपवर भिस्त ठेवू नका.

आधीच गाडी सांगून ठेवणार असाल तर तारीख नीट घाला. विमान १४ तारखेला रात्री दहाच्या सुमारास दिल्लीहून सुटतं, पण उतरतं १५ तारखेला १२:१० ला. माझ्या भाच्याने गाडी '१४ तारीख, रात्री साडेबारा' अशी सांगितली. गाडी एक रात्र आधीच येऊन गेली. फोनवर सांगताना 'चौदाची रात्र उलटून पंधरा लागल्यावर' असं सांगा आणि विमानाचा क्रमांकही द्या, म्हणजे उशीर झाला तर त्यांना कळतं.

टॅक्सी परवडत नसेल, तर पहाटेपर्यंत आतच बसून पहिल्या लोकलने जाणं शक्य आहे. बॅगा मिळतात त्या दालनात खुर्च्या आहेत, स्वच्छतागृह आहे, सुरक्षारक्षक आहेत. मी एकटा असताना दोनदा असं केलंय. चारच्या सुमारास निघून घाटकोपरला जायचं. पण तीन तास कडक खुर्चीवर आणि मग बॅगांसकट जिना-पूल, हे आईसोबत मी करणार नाही. तुमच्या जागी मी १०:४० च्या आत उतरणारं विमान घेईन, दोघांचे मिळून हजारभर जास्त पडले तरी. फरक अडीच-तीन हजारांच्या वर असेल तरच १२:१० चं, आणि ते प्रीपेडचे पैसे बाजूला काढून ठेवूनच.