शब्द पाठ, तरी अर्थ चुकतो

"मुलगा रोज शब्दार्थ पाठ करतो. तरीही उताऱ्यातल्या अधोरेखित शब्दाचा अर्थ विचारला की हमखास चुकतो. त्याचा शब्दसंग्रह कमी पडतोय का? आणखी एखादी यादी करून देऊ का?"

यादी सध्या बाजूला ठेवा. अशीच अडचण घेऊन आलेल्या एका मुलीचे सोडवलेले उतारे मी तपासले, तेव्हा चुकलेले बहुतेक शब्द तिच्या चांगल्या ओळखीचे निघाले. अनोळखी शब्द आला की ती थांबायची, मागचंपुढचं वाचायची. ओळखीचा दिसला की पाठ असलेला अर्थ निवडून पुढे जायची.

एक उतारा असा होता: "नोकरीच्या काळात त्यांनी बरीच माया जमवली. निवृत्तीनंतर दोन घरं बांधली, जमीन घेतली. पण आजारपणात विचारपूस करायला कुणी फिरकलं नाही." रेघ 'माया'खाली. पर्याय होते प्रेम, संपत्ती, भ्रम आणि दया. तिने 'प्रेम' निवडलं होतं. का, विचारलं तर म्हणाली, "वाक्यात बसतंय ना, मॅडम."

ओढूनताणून बसतं खरं, आणि फसगत तिथेच होते. पर्याय रिकाम्या जागी घालून पाहायची युक्ती मुलांना शिकवलेली असते, पण ती एका वाक्यापुरती वापरली की दोन-दोन पर्याय चालून जातात. निकाल बहुधा शेजारच्या वाक्यात लागतो.

मी तिला पर्याय झाकायला लावले, 'माया'वर बोट ठेवायला सांगितलं आणि तिन्ही वाक्यं वाचून रिकाम्या जागी स्वतःचा शब्द घालायला सांगितला. ती लगेच म्हणाली, "पैसा." कशावरून? "घरं बांधली, जमीन घेतली." मग मी 'पण'कडे बोट दाखवलं. माणसांचं प्रेम जमवलं असतं, तर कुणी फिरकलं नाही हे कसं जुळणार? तिने न बोलता उत्तर खोडलं.

पुढच्या वेळी वेगळा सापळा आला. "शेजारी त्यांना कंजूष म्हणत. खरं तर त्या मितव्ययी होत्या; वायफळ खर्च टाळत, पण पुस्तकांसाठी हात आखडता घेत नसत." रेघ 'मितव्ययी'खाली. पर्यायांत 'कंजूष' होता, उताऱ्यातही होता, म्हणून तिला तोच जवळचा वाटला. पण 'खरं तर' हे शब्द शेजाऱ्यांचं म्हणणं खोडून काढतात. उत्तर 'काटकसरी'.

संदर्भ दरवेळी एवढा उदार नसतो. कधी शब्द चांगल्या अर्थाचा आहे की वाईट, एवढंच कळतं आणि दोन पर्याय उरतात. तिथे शब्दाची फोड उपयोगी पडते: मित म्हणजे मोजका, व्यय म्हणजे खर्च. पाठांतर करायचंच असेल, तर अशा घटकांचं करू द्या.

घरी मुलाला उत्तराबरोबर ते ज्या शब्दांवरून ठरवलं, त्यांच्याखालीही रेघ मारायला सांगा. रेघ मारायला काहीच सापडलं नाही, तर उत्तर पाठांतरातून आलेलं आहे.