मंगळवारचं पोहणं आणि बुधवारची शिंक

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईनं लिहिलंय. शाळा दर मंगळवारी पोहायला नेते आणि लेक ओल्या वेणीनं घरी येते. मागच्या बुधवारी सकाळी ती शिंकायला लागली. नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सांगत होते ना? केस ओले, वर फ्रीजचं पाणी!" आता पोहणंच बंद करावं, असा त्यांचा आग्रह आहे.

ताई, पोहणं बंद करू नका. आधी दिवस मोजा. सर्दीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बुधवारी सकाळी शिंक आली, तर विषाणू बहुधा रविवार-सोमवारीच शिरलेला असणार. त्या दोन दिवसांत वर्गात किंवा कुणाच्या वाढदिवसाला शेजारी कोण नाक ओढत बसलं होतं, ते लेकीला विचारा.

तुमच्यापासून फार लांब नाही त्या सॉल्सबरीत १९४६ ते १९९० सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. तिथं स्वयंसेवकांना गरम पाण्यानं अंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्याच्या बोळात उभं केलं, नंतर ओले मोजे घालायला लावले. ज्यांना विषाणू न देता नुसतंच असं गारठवलं, त्यांच्यापैकी कुणालाही सर्दी झाली नाही. विषाणूच नसेल, तर ओले केस सर्दी आणणार कुठून?

तरी सासूबाईंचं म्हणणं अगदी निराधार नाही, हे त्यांनाही जरूर सांगा. २००५ साली कार्डिफमध्ये ९० जणांनी १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं पाय बुडवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. पाय कोरडे ठेवलेल्या ९० जणांत असे ५ होते. मात्र नाकात विषाणू आहे का, हे तिथं तपासलंच नव्हतं. अंगात आधीच दबा धरून असलेला विषाणू गारठ्यानं डोकं वर काढत असेल, असा संशोधकांचा अंदाज होता. एवढ्यावर मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

थंड पाण्याचं म्हणाल, तर त्यातून सर्दीची लागण होत नाही. सर्दी झालेली असताना मात्र गार पाण्यानं नाकातला शेंबूड हळू सरकतो आणि कोमट पिण्यानं बरं वाटतं. तेवढे दिवस आजीचं आलं-गवती चहाचं पाणी खुशाल द्या.

एक गोष्ट नीट बघा. थंड हवेत नाक वाहिलं आणि घरात आल्यावर काही मिनिटांत थांबलं, तर ती सर्दी नव्हे. पण गारव्यानं खोकल्याची ढास लागत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याची शंका डॉक्टरांना सांगा.

आणि मंगळवारच्या पिशवीत जास्तीचा पंचा नि लोकरी टोपी टाका. थंडीत ओलं डोकं बोचतं, म्हणून. घरी आल्यावर आजीनं केस पुसून द्यावेत, पण त्याआधी लेकीनं साबणानं हात धुवावेत.